‘लक्ष देत नाहीत’ हे कोण म्हणालं?

‘ऊसतोड कामगार पालक मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देत नाहीत.’ शिक्षणशास्त्राच्या एखाद्या प्रबंधात हे वाक्य निष्कर्ष म्हणून आलं, तर सहसा कुणाला खटकत नाही. ते ओळखीचं वाटतं. पण तोंडी परीक्षेत समोरच्या परीक्षकांनी विचारलं, की हे नेमकं कोण म्हणालं? पालक की शिक्षक? कितीजण म्हणाले, कुठल्या प्रश्नावर म्हणाले, आणि ज्यांच्याबद्दल हे लिहिलं आहे त्यांना ते वाचून दाखवलं का? या चार प्रश्नांना उत्तर असेल तर तो निष्कर्ष आहे. नसेल तर ते केवळ एक मत आहे, प्रबंधाच्या पुठ्ठ्यात बांधलेलं.

पाचशे मुलांची गणिताची चाचणी घेणाऱ्या संशोधकाला असे प्रश्न वेगळ्या रूपात येतात. त्याच्याजवळ चाचणीची वैधता आणि विश्वसनीयता मोजण्याची सूत्रं असतात. गुणात्मक संशोधन करणारी व्यक्ती मात्र दहा-पंधरा घरांत बसते, वर्गात मागच्या बाकावरून पाहते, गप्पा मारते, टिपणं काढते. तिथे मोजमापाचं साधन म्हणजे ती स्वतःच असते. मग तिच्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

या प्रश्नाला सर्वांत जास्त वापरलं गेलेलं उत्तर अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधनातूनच आलं. इंडियाना विद्यापीठातल्या इगॉन गुबा यांनी 1981मध्ये त्याची मांडणी केली आणि 1985मध्ये इव्होना लिंकन यांच्यासोबत लिहिलेल्या ‘नॅचरलिस्टिक इन्क्वायरी’ या ग्रंथात ती सविस्तर आली. विश्वासार्हतेचे त्यांनी चार भाग पाडले. क्रेडिबिलिटी म्हणजे निष्कर्ष त्या माणसांच्या वास्तवाशी जुळतो का, हे पाहणं. दुसरा भाग, तो इतर ठिकाणी कितपत लागू पडेल हे वाचकाला ठरवता यावं इतकं तपशीलवार वर्णन. तिसरा, अभ्यासाची पद्धत सुसंगत होती का. आणि चौथा, निष्कर्ष माहितीतून आले की संशोधकाच्या मनातून. पहिल्या भागासाठी लागणारं एक मोठं साधन म्हणजे मेंबर चेकिंग. शेवटच्या दोन भागांसाठी लागते ती ऑडिट ट्रेल.

हे प्रत्यक्षात कसं चालतं, ते वरच्याच वाक्यावरून पाहता येईल. त्यासाठी एक काल्पनिक अभ्यास समोर ठेवू. त्यातली माणसं आणि आकडे समजावण्यापुरते आहेत, परिस्थिती मात्र मराठवाड्यात दर हंगामात दिसणारी आहे. बीड जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा. दिवाळीच्या आसपास गावातली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ते परततात उन्हाळा लागल्यावर. काही मुलं आजी-आजोबांजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात, तर काही आईबापांसोबत जातात. एक संशोधिका या गावात येते. मुलांची शाळा का सुटते, हा तिचा विषय.

ऑगस्टमध्ये ती शाळेतल्या सहा शिक्षकांच्या मुलाखती घेते. सहापैकी पाचजण जवळजवळ एकाच शब्दांत सांगतात, ‘पालक लक्ष देत नाहीत.’ ती हे वाक्य वहीत अधोरेखित करते आणि समासात कोड लिहिते : पालकांची उदासीनता. इथेच थांबली असती तर प्रबंध वेळेत पूर्ण झाला असता आणि निष्कर्षही तयार होता.

ती थांबत नाही. क्रेडिबिलिटीसाठी लिंकन आणि गुबा यांनी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे तिथे पुरेसा काळ राहणं. पाहुणी म्हणून आलेल्या माणसाला गाव पाहुण्याचंच उत्तर देतं. सप्टेंबरपर्यंत तिला चौदा घरांत चहा मिळू लागतो आणि नंतर चहाशिवायही बसता येतं. दुसरी गोष्ट, एकाच बाबीकडे निरनिराळ्या वाटांनी जाणं. ती शाळेचा हजेरीपट पाहते आणि त्याच दिवशी वर्गात बसून मुलं मोजते. पटावर 31, समोर 24. मग गैरहजेरीबद्दल बोलताना फक्त पटाच्या आधारावर बोलता येणार नाही, हे तिला कळतं. तीन स्रोतांकडून एकच गोष्ट कळली की ती खरी, असं मात्र या पद्धतीत गृहीत नसतं. स्रोत एकमेकांशी जुळत नाहीत तिथेच बहुधा शोधण्यासारखं काही असतं.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण : आपल्या स्पष्टीकरणात न बसणारं उदाहरण मुद्दाम शोधणं. दिवाळीनंतर चौदापैकी नऊ घरं फडावर जातात. तोवर तिच्या डोक्यात सरळ हिशोब तयार झालेला असतो, की स्थलांतर आहे म्हणून शाळा सुटते. पण जानेवारीत ती पुन्हा गावात येऊन राहते, तेव्हा गावातच राहिलेल्या एका घरातली सहावीतली मुलगी तिला सलग चार दिवस शाळेच्या वेळेत दिसते, कडेवर मूल घेऊन. मूल तिच्या चुलतीचं. चुलती तोडीला गेलेली, मूल आजारी म्हणून मागे ठेवलेलं. स्थलांतर न करणाऱ्या घरातली ही मुलगी हिशोबात बसत नाही. संशोधिका जुनी टिपणं पुन्हा वाचते, तेव्हा फडावर गेलेल्या मोठ्या मुलींबद्दलही तेच लिहिलेलं सापडतं : आईबाप दोघं तोडीवर असताना कोपीवर लहान भावंडांना सांभाळायला कुणीतरी लागतं. प्रश्नाचं केंद्र सरकतं. पालक गावात आहेत की नाहीत यापेक्षा, घरातल्या लहान मुलाला सांभाळायला कोण उरतं, हा प्रश्न पुढे येतो.

आता मेंबर चेकिंग. ज्यांचा अभ्यास केला, त्यांच्यासमोर आपली मांडणी ठेवायची आणि त्यांना त्यात स्वतःचं जगणं ओळखू येतं का, ते पाहायचं. लिंकन आणि गुबा यांनी क्रेडिबिलिटीसाठी या तंत्राला सर्वांत मोलाचं मानलं. अनेक प्रबंधांत मात्र ते एका ओळीत उरकतं : ‘मुलाखतींची शब्दांकनं सहभागींना दाखवून त्यांची संमती घेण्यात आली.’ या ओळीवरून काहीच कळत नाही. काय दाखवलं, कुठल्या भाषेत, कितीजणांनी उत्तर दिलं, त्यावर काय बदललं, हे कळायला हवं.

शब्दांकन दाखवणं हा मेंबर चेकिंगचा सर्वांत सोपा प्रकार आहे. माणूस जे बोलला ते नीट उतरवलं का, एवढंच त्यातून तपासलं जातं. खरा कस लागतो तो अर्थ दाखवताना. आपल्या संशोधिकेनं त्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी निवडलेली असते, कारण तेव्हाच आईबाप गावात असतात. पालकांपैकी अनेकांना वाचता येत नाही, म्हणून ती दोन पानांचा गोषवारा साध्या मराठीत लिहिते आणि संध्याकाळी ओसरीवर बसून वाचून दाखवते. पहिल्या घरी ती विचारते, ‘हे बरोबर आहे ना?’ उत्तर येतं, ‘तुम्ही शिकलेल्या, ताई. लिहिलं म्हंजी बरोबरच असंल.’ हा होकार नाही, ही शिष्टाई आहे. पुढच्या घरी ती प्रश्न बदलते : ‘यात तुमच्या घरासारखं काय नाही? काय राहून गेलं?’

आणि मग एक आई तिला थांबवते. गोषवाऱ्यात तिच्या तोंडी वाक्य आहे, ‘मी मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष देत नाही.’ ती म्हणते, ‘आसं न्हाई म्हनले मी. लक्ष द्यायला होत न्हाई, आसं म्हनले.’

संशोधिका ध्वनिमुद्रण काढून ऐकते. आईचं बरोबर आहे. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असल्यानं टिपणं आधी इंग्रजीत झाली, ‘होत नाही’चं तिथे ‘करत नाही’ झालं आणि गोषवारा पुन्हा मराठीत येताना तीच चूक सोबत आली. ‘देत नाही’मध्ये बेफिकिरी आहे. ‘द्यायला होत नाही’मध्ये पहाटेपासून फडात वाकलेलं शरीर आहे. पाच शिक्षकांनी जे म्हटलं होतं, तेच या आईच्या तोंडी घातलं गेलं होतं. दोन भाषांमधून जाणाऱ्या संशोधनात मेंबर चेकिंग मूळ भाषेत करायचं ते याचसाठी.

पण समोरची व्यक्ती म्हणेल ते सगळं मान्य करायचं, असा मेंबर चेकिंगचा अर्थ नाही. त्याच आठवड्यात एक शिक्षक गोषवारा वाचून सांगतात, पटावरची आणि वर्गातली संख्या वेगळी होती हे काढून टाका. इथे तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. वस्तुस्थिती चुकली असेल तर ती दुरुस्त करायची. माणसाला त्रास होण्याची भीती असेल तर ओळख लपवायची, प्रसंग दुसऱ्या प्रकारे सांगायचा आणि संमती मागे घेतली असेल तर ते विधान वगळायचं. आणि अर्थाबद्दल मतभेद असेल तर दोन्ही बाजू नोंदवायच्या. शिक्षकांनी आकडा नाकारला नव्हता, त्यांना तो छापला जाण्याची काळजी होती. संशोधिका वर्ग आणि महिना काढून टाकते, निरीक्षण ठेवते, आणि हा निर्णय वहीत लिहिते.

या तंत्राची मर्यादा कुठे लागते, ते ब्रिटनमधल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसतं. पॉल विलिस यांचं ‘लर्निंग टू लेबर’ हे पुस्तक 1977मध्ये आलं. मिडलँड्समधल्या एका औद्योगिक गावातली कामगार वस्तीतली बारा मुलं, शाळेला न जुमानणारी, शेवटी बापासारखीच अंगमेहनतीच्या कामाला लागणारी. असं का होतं, याचा विलिस यांनी माग घेतला. शाळेची शेवटची दोन वर्षं आणि नोकरीचे पहिले महिने ते मुलांसोबत होते. वर्गात बसले, गटचर्चा टेप केल्या, पालक आणि शिक्षकांशी बोलले, प्रत्येक मुलाच्या कामाच्या जागी थोडे दिवस त्याच्यासोबत कामही केलं. शाळेचं ऐकणाऱ्या मुलांचा गटही तुलनेला होता. क्रेडिबिलिटी हा शब्द तेव्हा या अर्थानं रूढ व्हायचा होता, पण काम त्याच दिशेचं होतं.

पुस्तकाच्या परिशिष्टात एका चर्चेचं शब्दांकन आहे. मसुदे वाचलेली काही मुलं विद्यापीठात येऊन विलिस यांच्याशी बोलली. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की आमच्याबद्दलचा, आमच्या बोलण्याचा भाग वाचला, तो कळला. मधला भाग वाचवेना. तो मधला भाग म्हणजे विलिस यांचा सिद्धान्त, ज्यासाठी हे पुस्तक आजही शिक्षणाच्या समाजशास्त्रात वाचलं जातं.

म्हणजे मुलांनी प्रसंग ओळखले, पण विश्लेषणाला होकारही दिला नाही आणि नकारही. मग विश्लेषण पडताळलं गेलं का? त्या अर्थानं नाही. एकेका माणसाला स्वतःचा अनुभव ठाऊक असतो. बारा जणांच्या अनुभवांतून आणि शाळा-कारखान्याच्या रचनेतून काढलेला निष्कर्ष त्यातल्या एकालाच विचारून खरा-खोटा ठरत नाही. आरोग्यक्षेत्रातल्या अभ्यासक जॅनिस मोर्स यांनी मेंबर चेकिंगवर घेतलेला आक्षेप याच अंगाचा आहे. विलिस यांनी मुलांचं न कळणं पुस्तकातच छापलं, हे महत्त्वाचं. त्यामुळे वाचकाला दिसतं, की कुठपर्यंत मुलांची साक्ष आहे आणि कुठून पुढे लेखकाचा युक्तिवाद सुरू होतो.

पडताळणी उशिरा झाली तर काय होतं, तेही एका शिक्षण-अभ्यासात नोंदलेलं आहे. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लॅरो यांनी ‘अनइक्वल चाइल्डहुड्स’साठी बारा कुटुंबांच्या घरी वारंवार जाऊन मुलांचं वाढणं पाहिलं. पुस्तक 2003मध्ये आलं. 2011च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी कुटुंबांच्या प्रतिक्रियांवर स्वतंत्रपणे लिहिलं. पुस्तक वाचून काहीजण दुखावले होते. टोपणनावं दिली असली तरी माणूस स्वतःला ओळखतोच, आणि छापल्यावर दाखवणं म्हणजे पडताळणी नव्हे, तिथे फक्त प्रतिक्रिया उरते. लॅरो यांनी ती प्रतिक्रियाही वाचकासमोर ठेवली.

आता वह्यांकडे. ऑडिट ट्रेल हा शब्द हिशोबाच्या जगातून आलेला आहे आणि तिथली तुलना नेमकी बसते. ताळेबंदातला आकडा पटला नाही, तर लेखापरीक्षक खतावणीत जातो, तिथून कीर्दीत आणि शेवटी पावतीपर्यंत. तसंच निष्कर्षाच्या वाक्यापासून मुलाखतीतल्या उद्गारापर्यंत बाहेरच्या माणसाला उलट चालत जाता आलं पाहिजे. इंडियाना विद्यापीठात एडवर्ड हॅल्पर्न यांनी 1983च्या आपल्या प्रबंधात अशा नोंदींचे सहा वर्ग केले आणि लिंकन-गुबा यांनी ते उचलले. सोप्या शब्दांत : कच्ची माहिती, तिचे सारांश आणि कोड, त्यांतून जुळवलेले विषय आणि निष्कर्ष, पद्धतीचे निर्णय, संशोधकाचे हेतू आणि मनःस्थिती, आणि प्रश्नावल्या कशा तयार झाल्या, त्यांचे मसुदे.

यातला पाचवा वर्ग अनेकांना अनावश्यक वाटतो. अमेरिकन शिक्षणसंशोधक अ‍ॅलन पेशकिन यांनी त्याची गरज स्वतःवरून दाखवली. एका कट्टर ख्रिस्ती शाळेचा अभ्यास करताना आपण ज्यू असल्याचा परिणाम आपल्या लिखाणावर झाला, हे त्यांना मागाहून जाणवलं. पुढच्या अभ्यासात, कॅलिफोर्नियातल्या एका बहुवांशिक शाळेत, मनात काही उसळलं की ते लगेच टिपून ठेवू लागले. 1988च्या लेखात त्यांनी त्या टिपणांतून निघालेले स्वतःचे सहा वेगवेगळे ‘मी’ मांडले. आपल्या संशोधिकेच्या वहीतही ऑगस्टमध्ये अशी एक ओळ असायला हवी : माझे वडील शिक्षक होते, शिक्षक सांगतात ते मला लगेच पटतं.

तिच्या निर्णयांच्या वहीतलं मे महिन्याचं एक पान असं दिसेल :

19 मे. ‘पालकांची उदासीनता’ हा कोड मोडला. कारण : घर क्र. 6च्या आईनं वाक्य दुरुस्त केलं. ध्वनिमुद्रण तपासलं, तिचं बरोबर. सर्व 14 मुलाखती मूळ मराठीतून पुन्हा वाचल्या. या कोडखाली 22 उतारे होते. त्यांतले 13 शिक्षकांचे, 9 पालकांचे. पालकांच्या 9पैकी 7 ठिकाणी ‘होत नाही’, ‘जमत नाही’, ‘वेळ कुठला’ अशी शब्दरचना. नवे कोड : ‘शिक्षकांच्या नजरेतले पालक’ आणि ‘सांभाळायला माणूस नाही’. उरलेले 2 उतारे दोन्हींत बसत नाहीत, वेगळे ठेवले.

या पानावर तारीख आहे, कारण आहे, आधीचा कोड खोडलेला नाही आणि न बसणारे दोन उतारे लपवलेले नाहीत. बनावट ट्रेल नेमकी इथेच उघडी पडते. प्रबंध बांधायच्या आठवड्यात बसून लिहिलेल्या वहीत सगळे कोड पहिल्या दिवसापासून तयार असतात, एकही मोडलेला नसतो, शाई एकाच पेनाची असते आणि संशोधकाला कधी काही चुकलं असं वाटलेलंच नसतं. संगणकावर काम करणाऱ्यांसाठीही हीच गोष्ट लागू. जुनी फाइल पुसून तिच्यावरच नवी साठवली, की रस्ता बुजतो. दर बदलाला तारखेच्या नावानं वेगळी प्रत ठेवणं पुरेसं होतं.

ट्रेलची मर्यादाही स्पष्ट आहे. नोंदी नीट आहेत म्हणून निष्कर्ष बरोबर आहे, असं होत नाही. चुकीच्या वाटेनं गेल्याचीही व्यवस्थित नोंद ठेवता येते. शिवाय या वह्यांत माणसांची नावं, आजार, कर्ज, मुकादमाशी झालेली भांडणं असतात. त्या सगळ्यांना खुल्या करता येत नाहीत. म्हणून घर क्रमांक आणि खरी नावं जोडणारी यादी वेगळी, कुलुपात ठेवतात, आणि तपासायला येतो तो विषयाशी संबंध नसलेला पण पद्धत जाणणारा एखादा सहकारी किंवा प्राध्यापक. तोही सगळं वाचत नाही. निष्कर्षांतली चार-पाच वाक्यं उचलतो आणि प्रत्येकाचा माग काढत मागे जातो.

असा तपासनीस या अभ्यासात प्रबंधातलं नवं वाक्य उचलेल : ‘शिक्षक ज्याला दुर्लक्ष म्हणतात, ते पालकांच्या बोलण्यात लहान मुलांना सांभाळायला माणूस नसल्याची अडचण म्हणून येतं.’ तिथून तो कोडच्या यादीत जाईल, तिथून 19 मेच्या पानावर, तिथून घर क्र. 6च्या मुलाखतीवर. कानाला हेडफोन लावून तो ध्वनिमुद्रण सुरू करेल. मागे कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी भांडं घासतंय, मांडीवरचं पोर रडतंय. संशोधिका विचारते, पोरीच्या अभ्यासाचं काय. थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग आईचा आवाज येतो : ‘लक्ष द्यायला होत न्हाई, ताई.’